स्किप पॉइंटर: आठ महिने वापरल्यावर आणि एक पान हरवल्यावर

ज्या वाचनालयाच्या जुन्या अंकांसाठी मी शोधयंत्र लिहिलं, तिथल्या ग्रंथपाल बाईंचा गेल्या महिन्यात फोन आला. "अहो, 'शेतसारा' आणि 'पाऊस' दोन्ही शब्द असलेलं पान माझ्या समोर उघडं आहे. तुमचा शोध म्हणतो, असं पान नाहीच!" मी आधी टायपिंगवर ढकललं, मग स्कॅनवर. दोन्ही ठीक निघालं. चूक माझीच होती, आणि ती ज्या भागावर मी सगळ्यात जास्त खूश होतो नेमकी तिथेच होती.

इन्व्हर्टेड इंडेक्स काय असतो ते सांगत बसत नाही. जुन्या अंकांची २,४०,००० स्कॅन केलेली पानं आहेत, प्रत्येक शब्दासमोर पानक्रमांकांची चढत्या क्रमाने लावलेली यादी आहे, आणि दोन शब्दांचा 'आणि' हवा असेल तर दोन याद्यांवर दोन बोटं ठेवून सरकत जायचं. लहान आकड्यावरचं बोट पुढे, आकडे जुळले की नोंद, मग दोन्ही बोटं पुढे. लांब यादीत मधले शेकडो आकडे उगाच वाचावे लागतात, म्हणून ठराविक अंतरावर स्किप पॉइंटर ठेवायचे. उडीच्या टोकाचा आकडा मला हव्या असलेल्या आकड्यापेक्षा मोठा नसेल, तर मधलं न वाचता उडी मारायची.

पहिल्या आठवड्यात कागदावर करून पाहिलं तेव्हा माझा विरसच झाला. 'पाऊस'ची ही यादी घ्या:

```
3 8 12 15 | 21 30 36 47 | 52 70 95 110 | 131 160 198 225
```

सोळा नोंदी, म्हणून वर्गमुळाच्या प्रचलित नियमाने दर चार नोंदींवर एक स्किप: ३ वरून २१, २१ वरून ५२, ५२ वरून १३१. 'शेतसारा'ची यादी फक्त १२, ४७, १९८. १२ शोधताना ३ वर थांबून विचारलं, २१ वर उडी मारू का? नाही, पुढे जाईल. पायी चालत १२ गाठलं. ४७ साठी २१ वर तोच प्रश्न, तेच उत्तर. १९८ साठी मात्र ५२ वरून थेट १३१. म्हणजे वाचायच्या टळल्या तीन नोंदी (७०, ९५, ११०), आणि उडी मारावी का हे विचारण्यात गेल्या तीन तुलना. हिशेब बरोबरीत! वर जागा गेली ती वेगळीच. त्या दिवशी मी याला पाचापैकी दोनच तारे दिले असते.

खऱ्या याद्यांवर मत बदललं. एका बाजूला नऊ पानांत येणारं गावाचं नाव, दुसऱ्या बाजूला चाळीस हजार पानांत येणारा शब्द. चाळीस हजाराचं वर्गमूळ दोनशे. वाईटात वाईट धरलं तरी साऱ्या यादीभर मिळून दोनशे उड्या, आणि नऊ वेळा जास्तीत जास्त दोनशे-दोनशे पावलं पायी. म्हणजे चाळीस हजारांऐवजी सुमारे दोन हजार नोंदी. जुन्या लॅपटॉपवर हा फरक डोळ्यांना दिसतो. उलट दोन्ही शब्द चाळीस-चाळीस हजार पानांत असतील तर काहीच मिळत नाही. दोन्हीकडे दर सहा-सात पानांमागे एक नोंद, आणि एक उडी तर हजार-बाराशे पानं ओलांडणार. ती कधीच मारता येत नाही, नुसत्या तुलना वाढतात.

आता हरवलेल्या पानाकडे. सहाव्या महिन्यात मला काटकसरीची हुक्की आली. प्रत्येक पानक्रमांकाला चार बाइट कशाला, आधीच्या नोंदीपासूनचं अंतर ठेवलं तर बहुतेकदा एका बाइटात भागतं. वरची यादी मग अशी होते:

```
3 5 4 3 6 9 6 11 5 18 25 15 21 29 38 27
```

आकार झकास उतरला. पण अंतरांच्या यादीत मधेच उडी मारली की आपण कोणत्या पानावर आहोत हे यादी सांगत नाही, ते स्किपनेच सांगावं लागतं. माझा कोड वाचायची जागा बदलत होता, चालू बेरीज मात्र जुनीच ठेवत होता. ५२ वरून १३१ वर उडी मारली तरी हिशेबात ५२ च. पुढचं अंतर २९ मिळवून १६० ऐवजी ८१, मग ११९, मग १४६, आणि यादी संपली. १९८ गायब. ना एरर, ना इशारा. दुरुस्ती एका ओळीची:

```
if skip_doc <= want:
    pos  = skip_pos
    base = skip_doc   # ही ओळ राहिली होती
```

ओळखायची खूण सांगतो. एकेक शब्द शोधला तर पान सापडतं, कारण तेव्हा यादी सलग वाचली जाते. फक्त 'आणि' लावला की हरवतं, तेही नेहमी नाही, उडी पडली तरच. कधी कधी चुकीची बेरीज योगायोगाने जुळून भलतंच पानही येतं. आता रोज रात्री शंभर प्रश्न स्किप बंद करून आणि चालू ठेवून चालवतो आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहतो. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

आणि आता माझी खरी तक्रार, जी घरच्यांनाही पाठ झाली आहे: ते आठ बाइट. प्रत्येक स्किपला पानक्रमांकाचे चार आणि जागेचे चार. मोठ्या यादीत हे किरकोळ आहे, चाळीस हजार बाइटांवर सोळाशे. पण मराठीत 'पाऊस', 'पावसाचा', 'पावसात', 'पावसाने' असे प्रत्येक रूपाला वेगळे शब्द होतात, त्यामुळे शब्दसूचीत पाच-सहा नोंदींच्या याद्यांचा सुळसुळाट. पाच नोंदींची यादी, अंतरं मोठी म्हणून साधारण तीन-तीन बाइट, म्हणजे पंधरा. वर्गमुळाने तिला दोन स्किप, म्हणजे सोळा बाइट. कोथिंबिरीपेक्षा पिशवी महाग!

वर्गमुळाच्या नियमावरचं माझं मत इथेच फिरलं. एकच आकडा शोधायचा असेल तर तो नियम बरोबर आहे. नऊ शोधायचे असतील तर उड्या लहान हव्यात, आणि समोर कोणती यादी येणार हे इंडेक्स बांधताना ठाऊक नसतं. शिवाय नवी पानं जोडली की लांबी बदलते, वर्गमूळ बदलतं, सगळे स्किप पुन्हा लावा. शेवटी लुसीन या शोध-लायब्ररीत बराच काळ होता तसा १२८ नोंदींचा गठ्ठा धरला: १२८ पेक्षा लहान यादीला स्किपच नाही, मोठीला दर गठ्ठ्यामागे एक. नवी नोंद शेवटी जोडली तरी जुन्या स्किपना हात लावावा लागत नाही. नऊ विरुद्ध चाळीस हजारचा वाईटात वाईट आकडाही दीड हजाराच्या खाली आला. लुसीन या उड्यांवर आणखी मोठ्या उड्यांचे थर ठेवतं, माझ्या तीनशे बारा उड्यांना त्याची गरज पडली नाही.

अंतरांत दाबलेल्या यादीत स्किप गुंफायची ही युक्ती मोफॅट आणि झोबेल या संशोधकांनी १९९६ मध्ये सविस्तर मांडली आहे. म्हणजे मी जी ओळ विसरलो ती तेव्हापासून छापील होती.

सध्या चार तारे. पाचवा बाईंनी अडवून धरलाय. १९८ नंबरचं पान सापडल्यावर त्या म्हणाल्या, "छान. आता 'पाऊस' किंवा 'पर्जन्य' असं शोधता येऊ दे." 'किंवा'ला दोन्ही याद्यांतली प्रत्येक नोंद लागते. उडी मारायला जागाच नाही.