लेबलं धुऊन गेलेल्या दोन बाटल्या: ऑर्थो कुठली, पॅरा कुठली?

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर आम्ही कोल्हापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेतलं खालचं कपाट उघडलं. बुचं घट्ट होती, पण लेबलं धुऊन गेली होती. रजिस्टरवरून एवढंच कळत होतं की त्यातल्या दोन बाटल्या नायट्रोफिनॉलच्या आहेत, एक ऑर्थो आणि एक पॅरा. "सर, दोन्ही पिवळीच की!" टी.वाय.ची विद्यार्थिनी म्हणाली. तिचं बरोबर होतं. शुद्ध पॅरा फिकट असतं हे खरं, पण रंगावरून निर्णय घेऊ नये.

दोघांचं सूत्र एकच, C₆H₅NO₃, आणि वजनही एकच. फरक आहे तो OH आणि NO₂ हे गट कुठे बसलेत याचा. ऑर्थोमध्ये ते शेजारी-शेजारी असतात. त्यामुळे OH मधला हायड्रोजन आपल्याच रेणूतल्या नायट्रो गटाच्या ऑक्सिजनला धरतो आणि सहा अणूंचं कडं तयार होतं. पॅरामध्ये हे गट समोरासमोरच्या टोकांना असल्यामुळे हात पोचत नाही. मग हायड्रोजन शेजारच्या रेणूचा ऑक्सिजन धरतो, तो रेणू पुढच्याला धरतो आणि साखळी होते.

मुलं इथेच चुकतात. "ऑर्थोतही बंध आहेच, मग त्याचा उत्कलनबिंदू जास्त का नाही?" बंध आहे का, एवढं विचारून भागत नाही; तो कोणाकोणात आहे ते बघावं लागतं. उकळताना रेणू एकमेकांपासून सुटावे लागतात. ऑर्थोतला बंध स्वतःच्याच आत असल्यामुळे तो न तोडताही रेणू सुटतो. म्हणून ऑर्थो 216 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, तर पॅराला 279 च्या आसपास जावं लागतं आणि तिथे ते विघटितही होऊ लागतं. त्यामुळे ओळख पटवण्यासाठी थेट उत्कलनबिंदू मोजायच्या फंदात पडू नये.

त्यापेक्षा पाणी बरं. पाण्यात विरघळायचं तर पाण्याच्या रेणूंना OH धरता आला पाहिजे. ऑर्थोचा OH आधीच गुंतलेला, पॅराचा मोकळा. साध्या तापमानाला 100 मिली पाण्यात ऑर्थो जेमतेम 0.2 ग्रॅम विरघळतं. पॅरा एक ग्रॅमहून जास्त. म्हणून आम्ही दोन बीकरमध्ये 100-100 मिली पाणी घेतलं आणि हातमोजे घालून प्रत्येकात अर्धा ग्रॅम पूड टाकली. बराच वेळ ढवळल्यावर एक बीकर स्वच्छ पिवळा झाला. दुसऱ्यात तळाला पूड तशीच राहिली. तो बीकर कोमट केल्यावर पुडीचे तेलकट थेंब झाले आणि खाली बसले, कारण ऑर्थो 45 अंशांलाच वितळतं. पॅराला 114 लागतात.

इथे एक सावधगिरी हवी. अर्ध्या ग्रॅमऐवजी चमचाभर पॅरा टाकून पाणी गरम केलं तर न विरघळलेलं पॅराही तेलासारखं खाली बसतं आणि माणूस फसतो. सोडियम हायड्रॉक्साइड तर मुळीच घालू नये. OH चा हायड्रोजनच निघून जातो, दोन्ही विरघळतात आणि फरक पुसला जातो. आणि पाण्यात कमी विरघळतं म्हणून ऑर्थो सगळीकडेच कमी विरघळतं असंही नाही. बेंझिनमध्ये उलट तेच सहज विरघळतं.

मग वाफेची पद्धत कधी निवडायची? बाटलीत दोन्ही मिसळलेली असल्याचा संशय असेल तेव्हा. कारण तेव्हा पाण्यात काही विरघळतं, काही राहतं आणि निकाल अर्धवट मिळतो. फिनॉलचं नायट्रेशन केल्यावर मिळणारं मिश्रण तर याच पद्धतीनं वेगळं करतात, मात्र आधी त्यातलं नायट्रिक ॲसिड पूर्ण धुऊन घ्यावं लागतं. चंबूतून वाफ सोडली की ऑर्थोच्या आणि पाण्याच्या बाष्पदाबाची बेरीज हवेच्या दाबाइतकी होते, म्हणून 216 अंशांचा पदार्थ शंभराच्या आतच वर येतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर असल्यामुळे आपल्याकडे पाणीच 98 च्या आसपास उकळतं, म्हणजे त्याहूनही थोडं कमी. पॅराचे रेणू एकमेकांना आणि पाण्याला धरून चंबूतच राहतात.

तळाला पूड राहिलेल्या बाटलीतला एक ग्रॅम आम्ही खात्रीसाठी असाच चालवला. थोड्याच वेळात कंडेन्सरच्या आत पिवळ्या सुया जमल्या आणि नळी तुंबायला लागली. अशा वेळी आच वाढवू नये, त्यानं दाब साठतो. थंड पाणी क्षणभर बंद करायचं. नळी गरम होते, सुया वितळतात आणि थेंब खाली उतरतात. ग्राहक पात्रात पाण्याखाली ते पुन्हा गोठले. दुसऱ्या बाटलीच्या वेळी पात्रात नुसतं पाणीच आलं.

दोन्ही बाटल्यांवर नवी लेबलं तिनंच लिहिली, या वेळी पेन्सिलीनं, आणि वरून चिकटपट्टी लावली.