जीभ की ओठ? तोंडातलं पिअर्सिंग ठरवण्याआधी

दंतवैद्याला विचाराल तर तो दोन्हींना नाहीच म्हणेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तरी करायचंच ठरलं असेल, तर मी दोन्ही घालून पाहिलेला माणूस आहे.

जीभ टोचल्यावर चांगलीच सुजते, म्हणून सुरुवातीला मुद्दाम लांब दांडी घालतात. दोन-चार आठवड्यांत सूज उतरली की ती बदलून आखूड घ्यायची असते. दुखत नाही म्हणून बरेच जण परत जातच नाहीत, आणि तीच लांब दांडी जेवताना दाढांखाली येते. मी बदलून घेतली होती. तरीही मला नकोसा झाला तो मणी. जीभ रिकामी बसत नाही. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलो की मणी खालच्या दातांमागे घासायचा, बोलताना टकटक वाजायचा. मला कळायचंही नाही, मागे बसलेला सांगायचा. मग एकदा दाढेच्या कडेला काहीतरी खरखरीत लागलं. दंतवैद्याने आरशात दाखवलं, बारीक टवका उडाला होता. त्याच आठवड्यात दांडी काढली.

ओठात मणी बाहेर आणि आत चपटी चकती असते. दातांवर आदळणं कमी, पण चकती हिरडीला घासते आणि हिरडी हळूहळू खाली सरकते. दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. पण हे नुकसान निदान बघता येतं. ओठ खाली ओढून आरशात पाहायचं. चकतीसमोरचा दात शेजारच्यापेक्षा लांब दिसतोय का? थंड पाण्याने झिणझिणतोय का? तसं असेल तर चकती काढायचीच. टोचण्याआधी पेनाची खूण ओठाच्या आतूनही तपासून घ्या. चकती नेमकी हिरडीच्या कडेवर येणार असेल तर जागा बदलायला सांगा. जिभेमागे असं रोज कोण वाकून बघणार?

जंतुसंसर्गाचं भय दोन्हीकडे आहे. सुई तुमच्यासमोर फोडलेल्या पाकिटातलीच हवी, गन नको. जखम भरेपर्यंत जेवणानंतर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, खर्रा आणि सिगारेट बंद ठेवा. तर्री-पोहेही थोडे दिवस राहू द्या. आठवड्यानंतरही सूज वाढत असेल, पू किंवा ताप असेल तर डॉक्टर गाठा. जिभेखाली सूज येऊन गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर सकाळची वाट न बघता थेट मेडिकलच्या अपघात विभागात जा.

प्रत्येकाचं तोंड वेगळं, तुम्हाला कदाचित जीभच सोसेल. मी मात्र ओठावर थांबलोय. जखम पूर्ण भरल्यापासून झोपताना आणि क्रिकेट खेळताना काढून ठेवतो, आणि दर सहा महिन्यांनी दंतवैद्याला ती हिरडी दाखवतो.