व्यायामानंतर काय: बर्फाचं पाणी, स्टीम की सॉना?

तिन्हींपैकी एक निवडायचं असेल तर आधी वजनकाटा घ्या, कारण खरा फरक तिथे दिसतो. समजा 70 किलो वजनाचा माणूस मे महिन्यात मुंबईत दीड तास धावला. वाटेत 300 मिली पाणी प्यायला. घरी येऊन अंग पुसून वजन केलं तर काटा 68.8 दाखवतो. म्हणजे घाम गेला दीड लिटर आणि शरीरात तूट राहिली 1.2 किलोची. आता हाच माणूस पाणी न पिता पंधरा मिनिटं स्टीममध्ये बसला आणि आणखी 400 ग्रॅम उतरलं, तर तूट वजनाच्या दोन टक्क्यांपलीकडे गेली. दोन टक्क्यांच्या आसपास अनेकांना थकवा, डोकेदुखी, नाडी वेगाने चालणं जाणवायला लागतं. उतरलेल्या त्या 400 ग्रॅममध्ये चरबी नाही, सगळं पाणी आणि मीठ आहे. 'घामातून विषारी द्रव्यं निघतात' हाही दावा सोडून द्या. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

स्टीम आणि सॉना यांना लोक एकच समजतात, पण शरीराला ते वेगळे लागतात. सॉनाची हवा 70 ते 100 अंश सेल्सिअस, पण कोरडी असते. घाम लगेच वाळतो आणि त्वचा थोडी थंड राहते, म्हणून किती पाणी गेलं याचा अंदाज येत नाही. स्टीम रूम 40 ते 50 अंशांची, मात्र हवा वाफेने भरलेली. तिथे घाम वाळतच नाही, त्यामुळे तो गारवा देत नाही आणि शरीराचं तापमान वर जात राहतं. अंगावरून ओघळणारं बरंचसं पाणी तर वाफेचं झालेलं असतं. त्यावरून 'किती घाम काढला' हे ठरवू नका.

स्टीमने स्नायू लवकर सावरतात याला भक्कम आधार मला कुठे दिसत नाही. अंग सैल वाटतं, बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं खरं आहे, पण तेवढंच. सॉनाच्या बाजूने एक गोष्ट आहे. 2007 च्या एका छोट्या अभ्यासात सहा धावपटूंनी तीन आठवडे सरावानंतर सुमारे अर्धा तास सॉना घेतला, तेव्हा त्यांच्या रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढलं आणि दमेपर्यंत धावण्याची वेळही वाढली. हा उष्णतेची सवय होण्याचा फायदा आहे, दुखणं कमी होण्याचा नाही. शिवाय सहा माणसांवरून फार मोठं बोलता येत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात, जिना उतरताना मांड्या ओरडतात, त्या दुखण्यावर थंड पाण्याचा उपयोग होतो. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात 17 लहान चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या आणि नुसत्या विश्रांतीपेक्षा दुखणं कमी आढळलं. पण यात 'बरं वाटेल' या अपेक्षेचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे, कारण थंड पाण्यात बसलेल्याला ते कळतंच. लॅक्टिक ॲसिड धुऊन जातं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ते तास-दोन तासांत आपोआप निघून जातं आणि त्या दुखण्याचं कारणही ते नसतं.

आणि इथेच एक मोठी अट येते. 2015 च्या एका अभ्यासात बारा आठवडे वजनं उचलल्यावर दहा अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद, हलका व्यायाम करून सावरणाऱ्यांपेक्षा कमी वाढली. म्हणून मांड्या, दंड वाढवायचे असतील तर वजनांच्या दिवशी बर्फाच्या पाण्याच्या टबपासून लांब राहा. उद्या पुन्हा सामना किंवा शर्यत असेल, तर टब योग्य.

बादलीने आंघोळ म्हणजे ही थंडी नव्हे. मे महिन्यात नळाचं पाणी 28 अंशांच्या आसपास धरा, हवं असतं 10 ते 15 अंश. शंभर लिटर पाणी 14 अंशांवर आणायला सुमारे 15 किलो बर्फ लागतो. लादी फोडून घाला, थर्मामीटर लावा, दहा मिनिटं पुरे. पाण्यात शिरल्यावर श्वास अडखळतो, म्हणून हळूहळू उतरा आणि एकटे असताना कधीच नको. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी तिन्हींआधी डॉक्टरांना विचारावं. आणखी एक: थंडीत तहान मंदावते, तूट मात्र तशीच असते.

त्या मुंबईच्या माणसाने टब निवडला, तरी 1.2 किलोच्या तुटीसाठी पुढच्या काही तासांत दीड ते 1.8 लिटर प्यावं, कारण काही भाग लघवीतून जातोच. नुसतं पाणी गटागटा नको. मीठ घातलेलं ताक, ओआरएस किंवा जेवणाबरोबर पाणी चालेल. स्टीमला जायचंच असेल तर आधी थोडं प्या, दहा मिनिटांत बाहेर या, उठताना भिंतीचा आधार घ्या. व्यायामानंतर रक्तवाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात आणि उष्णतेत त्या आणखी फुलतात, त्यामुळे उभं राहताच चक्कर येऊ शकते. घाम थांबला, मळमळ झाली किंवा बोलणं अडखळलं, तर तिथून लगेच बाहेर काढून अंगावर गार पाणी ओता आणि डॉक्टरांना बोलवा.