गाडी लागणाऱ्या मुलाला कोणती गोळी?

आमच्या मुलाला गाडी लागते. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला जायचं म्हटलं की मुळशी मागे पडेपर्यंत त्याचा चेहरा पांढरा पडलेला असतो. गेल्या दोन वर्षांत आम्ही त्याला प्रोमेथाझिन आणि डायमेनहायड्रिनेट ही दोन्ही औषधं देऊन पाहिली, डॉक्टरांना विचारूनच. तो आता 7 वर्षांचा आहे, वजन 22 किलो.

उलटी थांबवण्यात दोन्ही सारखीच वाटली. प्रोमेथाझिन कदाचित थोडं जास्त खात्रीचं असेल. मात्र उलटी एकदा सुरू झाली की दोन्हींचा उपयोग नाही, कारण पोटात गेलेली गोळी पोटात राहायला हवी. फरक कळतो तो मुक्कामी पोचल्यावर.

प्रोमेथाझिन थिओक्लेटची 25 मिलिग्रॅमची गोळी मिळते. 5 ते 10 वर्षांच्या मुलाला त्यातली अर्धी, लांबचा प्रवास असेल तर आदल्या रात्री, जवळचा असेल तर निघण्याआधी तास-दोन तास. आम्ही सकाळी अर्धी दिली. घाटात एकही उलटी नाही, आम्ही खूश. माणगावला चहाला थांबलो तेव्हा त्याला उठवू लागलो, तर तो हूं करून पुन्हा झोपला. म्हसळ्याला तेच. दिवेआगरला उचलून खोलीत ठेवला आणि समुद्र पाहायला आलेलं पोर संध्याकाळी पाच वाजता उठलं. हे औषध शरीरातून अर्धं उतरायलाच 10 तासांच्या वर लागतात.

झोपेबद्दल माझी तक्रार नाही. मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीने: ही झोप औषधाची आहे की काही बिनसलंय, हे मागच्या सीटवर वळून बघून मला सांगता येत नव्हतं. मी दर थोड्या वेळाने त्याच्या नाकाखाली बोट धरत होतो. ही भीती अगदीच उगाच नव्हती. प्रोमेथाझिनने लहान मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून अमेरिकेत 2 वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचंच नाही असा ठळक चौकटीतला इशारा त्यावर छापतात. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये ती मर्यादा 6 वर्षांपर्यंत नेली. आमचा मुलगा या वयांच्या पुढे होता, तरी बोट नाकाखाली गेलंच.

पुढच्या वेळी डायमेनहायड्रिनेट. 50 मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी, म्हणजे 25 मिलिग्रॅम, निघण्याआधी अर्धा ते एक तास. 6 ते 11 वर्षांना एका वेळी 25 ते 50, गरज पडली तर 6 ते 8 तासांनी पुन्हा, दिवसभरात 150च्या वर नाही. 2 ते 5 वर्षांना साडेबारा ते 25, दिवसाला 75च्या आत. 2 वर्षांखाली डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. आम्ही साडेपाचला दिली, सहाला निघालो. पेंग यालाही येते, पण हाक मारली की तो डोळे उघडून उत्तर देत होता. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. काही मुलं मात्र यापैकी कुठल्याही गोळीने झोपण्याऐवजी उलट चेकाळतात. तसं झालं तर दुसरा डोस देऊ नये.

डायमेनहायड्रिनेटची कटकट अशी की असर लवकर उतरतो. परतीच्या वाटेवर घाट शेवटी येतो आणि दुपारी रेंगाळत निघालो तर सकाळच्या गोळीवर भिस्त ठेवता येत नाही, पुन्हा द्यावी लागते. रात्रभराची बस असेल आणि मूल मोठं असेल तर प्रोमेथाझिनची झोप कुणाला सोयीचीही वाटेल, ते मी नाकारत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हींच्या बाबतीत पाळा. डायमेनहायड्रिनेटमध्ये वजनाने निम्म्याहून थोडं जास्त डायफेनहायड्रामिन असतं, आणि खोकल्याच्या कित्येक सिरपांत तेच असतं. सर्दीच्या सिरपात बहुधा क्लोरफेनिरामिन असतं, तेही त्याच कुळातलं आणि झोप आणणारं. प्रवासाच्या आदल्या दिवशी पोर शिंकायला लागलं म्हणून आजीने एक चमचा पाजला आणि सकाळी आपण गोळी दिली, की गुंगी दुप्पट. म्हणून आम्ही आता आधी विचारून घेतो, कुणी काही पाजलंय का. मूल हलवूनही उठत नसेल, श्वास संथ किंवा उथळ वाटत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर पुढे न जाता थेट दवाखाना गाठा. दम्याच्या किंवा फिट येणाऱ्या मुलाला यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

धाकटी 3 वर्षांची आहे. तिला डायमेनहायड्रिनेट चालते, पण 50ची गोळी पावकी करताना तुकडे कधी सारखे पडत नाहीत, आणि सिरप घ्यावं तर बाटलीवर 5 मिलीत किती आहे ते पाहून हिशोब करावा लागतो. डॉक्टर म्हणाले, पोट हलकं ठेवा, समोरचा रस्ता दिसेल अशी बसवा, मोबाइल हातात देऊ नका. तिचं तेवढ्यावर निभावतं.

थोरला आता दिवेआगरला जागा पोहोचतो, दर दहा मिनिटांनी "किती राहिलं?" विचारत.