ऑर्डरचा दर की बिलाचा दर? निर्यातीच्या हिशेबात डॉलर कुठे बांधायचा

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीचा विचार करा. ती अमेरिकेला डॉलरमध्ये आणि जर्मनीला युरोमध्ये कास्टिंग पाठवते. ऑर्डर आल्यावर माल निघायला दोन-अडीच महिने आणि पैसे यायला आणखी दोन महिने जातात. या चार-साडेचार महिन्यांत रुपयाचा दर हलतो आणि हिशेब ठेवणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, ऑर्डर नोंदवली त्या दिवशीचा दर त्या ऑर्डरला कायमचा बांधायचा, बिलही त्याच दराने नोंदवायचं आणि फरक पैसे येतील तेव्हा नफा-तोट्यात टाकायचा. दोन, ऑर्डर फक्त डॉलरमध्ये ठेवायची आणि प्रत्येक बिल त्या त्या दिवसाच्या दराने नोंदवायचं. दोन्ही पद्धती चालतात आणि दोन्हींनी काम करणारे नीटनेटके कारखाने आहेत. तरी माझा कल पहिलीकडे आहे. त्याचं कारण एका उदाहरणातून लवकर कळेल.

समजा, ऑर्डर 40,000 डॉलरची आहे आणि त्या दिवशीचा दर 83.00. माल दोन खेपांत गेला. पहिली खेप 25,000 डॉलरची, त्या दिवशीचा दर 83.60. दुसरी 15,000 डॉलरची, दर 84.10. पहिल्या खेपेतलं काही कास्टिंग रिजेक्ट झालं, म्हणून 1,000 डॉलरची क्रेडिट नोट द्यावी लागली. पैसे आले तेव्हा बँकेने 24,000 डॉलरना 84.00 दर दिला आणि 15,000 डॉलरना 83.40. खात्यात एकूण 32,67,000 रुपये जमा झाले.

ऑर्डरच्या दराने विक्री 39,000 × 83 म्हणजे 32,37,000 रुपये आणि विनिमय नफा 30,000 रुपये. बिलाच्या दराने, क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दराने धरली तर, विक्री 32,67,900 रुपये आणि विनिमय तोटा 900 रुपये. हातात आलेली रक्कम तीच, पण दुसरा आकडा पाहणाऱ्याला वाटतं की चलनाने थोडा फटका दिला. प्रत्यक्षात भाव देताना जो दर गृहीत धरला होता त्याच्या तुलनेत चलनाने 30,000 रुपये मिळवून दिले. ते विक्रीत मिसळून गेले आणि त्या पार्टचं मार्जिन होतं त्यापेक्षा चांगलं दिसलं. पुढच्या कोटेशनच्या वेळी तेच मार्जिन खरं धरून भाव कमी केला जातो. डॉलर खाली आला की मग चूक कळते.

पण पारडं झुकलं ते याहून क्षुल्लक वाटणाऱ्या एका त्रासामुळे, आणि तो क्रेडिट नोटेत आहे. बिलाच्या दराची पद्धत असली की क्रेडिट नोट बनवताना सॉफ्टवेअर बहुधा आजचा दर पुढे करतं आणि घाईत तोच स्वीकारला जातो. वरच्या उदाहरणात तो दर 84.30 असेल, तर क्रेडिट नोट 83,600 ऐवजी 84,300 रुपयांची होते. पैसे आले की ग्राहकाच्या खात्यात डॉलरची बाकी शून्य दिसते आणि रुपयांत 700 जमा लोंबकळत राहतात. असे सात-आठ ग्राहक आणि वर्षभराची रिजेक्शन धरली, तर मार्चमध्ये शून्य डॉलर आणि काहीतरी रुपये अशा खात्यांची रांगच लागते. प्रत्येक खात्यामागे जुनी बिलं उघडून बसावं लागतं. ऑर्डरचा दर बांधला असेल, तर बिल, दुसरी खेप आणि क्रेडिट नोट सगळं 83.00 नेच जातं. चुकायला जागा उरते ती एकच, पैसे येण्याची नोंद.

ती नोंद मात्र काळजीने करावी लागते. एकाच टीटीमध्ये तीन ऑर्डरींचे पैसे आले, तर प्रत्येकीचा दर वेगळा असतो. रक्कम बिलवार वाटली नाही, तर नफा-तोटा भलत्याच ऑर्डरवर जातो. टॅलीमध्ये त्यासाठी रिसीटमध्ये `Agst Ref` देऊन प्रत्येक बिल निवडायचं, `On Account` ठेवायचं नाही. दुसरी अडचण परदेशी बँकेच्या कपातीची. 24,000 ऐवजी 23,975 डॉलर आले, तर ते 25 डॉलर बँक चार्जेसला टाकायचे. रुपयांतली रक्कम भरून उरलेलं सगळं विनिमय फरकात ढकललं, तर ते चार्जेस चलनाचा तोटा म्हणून दिसत राहतात.

ऑर्डरला कोणता दर बांधायचा हेही ठरवून घ्यावं. वेबसाइटवरचा मधला दर घेऊ नये. आपल्या बँकेचा त्या दिवशीचा टीटी बाइंग रेट घ्यावा, आणि फॉरवर्ड बुक केला असेल तर फॉरवर्डचा दर. मधला दर धरला, तर बँकेचं मार्जिन प्रत्येक ऑर्डरवर छोट्या तोट्यासारखं दिसतं आणि ते चलनामुळे झालं असा गैरसमज होतो. युरोच्या ऑर्डरला तिचाच दर हवा, आणि एका ग्राहकाचं खातं एकाच चलनात. ग्राहकाने ऑर्डर वाढवली, तर वाढीव नगांना नव्या दराने वेगळा ऑर्डर नंबर द्यावा. जुना दर बदलू नये.

आता या पद्धतीची मर्यादा, आणि ती लहान नाही. लेखा मानकांनुसार (एएस 11 असो वा इंड एएस 21) विक्रीची नोंद व्यवहाराच्या तारखेच्या दराने हवी, आणि ऑर्डर मिळणं म्हणजे विक्री नव्हे. त्यामुळे अधिकृत हिशेबासाठी महिनाअखेर एक जर्नल लागतं. वरच्या उदाहरणात ऑर्डरच्या दराने 32,37,000 आणि बिलाच्या दराने 32,67,900 यांतला 30,900 रुपयांचा फरक विनिमय फरकाच्या खात्यातून विक्रीत न्यायचा. एकूण नफा बदलत नाही, फक्त त्याची जागा बदलते. 31 मार्चला थकलेलं येणं त्या दिवसाच्या दराने पुन्हा मांडावं लागतं, म्हणजे पैसे न येताही फरक नोंदवावा लागतो. महिनाअखेरची जर्नल ग्राहकाच्या खात्याला हात लावत नाहीत, म्हणून 31 मार्चची नोंद 1 एप्रिलला उलटवली की ऑर्डरचा दर पुन्हा जागेवर येतो. हे न उलटवल्यास पैसे येतील तेव्हा तोच फरक दुसऱ्यांदा नोंदवला जातो.

जीएसटीचा दर तर तिसराच. मालाच्या निर्यातीला सीमाशुल्काचा अधिसूचित दर लागतो, आणि शिपिंग बिलही त्याच दराने जातं. जीएसटीआर-1 च्या तक्ता 6ए मध्ये चुकून ऑर्डरचा दर गेला, तर आकडा शिपिंग बिलाशी जुळत नाही. एलयूटीवर निर्यात करून साठलेल्या क्रेडिटचा परतावा मागताना दोन्हींपैकी कमी मूल्य धरलं जातं, म्हणजे सीमाशुल्काचा दर 83.00 पेक्षा जास्त असेल, तर 83.00 लिहिणाऱ्याचं थेट नुकसान होतं. म्हणून बिलावर सीमाशुल्काच्या दराची वेगळी ओळ छापावी आणि रिटर्न तिच्यावरूनच भरावं.

हे सगळं नको असेल, महिन्याला चार-पाच बिलं असतील आणि ऑर्डर ते डिस्पॅच हा काळ आठ-दहा दिवसांचाच असेल, तर बिलाचा दर पुरेसा आहे. दोन दरांत फारसं अंतर पडत नाही आणि एक जर्नल वाचतं. ब्लँकेट ऑर्डरलाही, जिथे भाव वर्षभराचा आणि शेड्यूल दर महिन्याला येतं, वर्षाच्या सुरुवातीचा दर बांधू नये. तिथे प्रत्येक शेड्यूल ही स्वतंत्र ऑर्डर धरायची आणि शेड्यूल आलं त्या दिवसाचा दर तिला लावायचा.