दत्तक कन्येच्या आईबाबांना दिलेली नोंदवही : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ज्या ऑनलाइन विक्रेत्याने डिसेंबरात माझी तक्रार दोन ओळींत निकालात काढली, त्याचाच ‘आपला अनुभव कळवा’ हा संदेश गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. वस्तू होती बाळाच्या आठवणी लिहून ठेवायची छापील नोंदवही, किंमत १,२४९ रुपये. अशा नोंदवह्या कशा असतात हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे वर्णनात शिरत नाही. मला सांगायचे आहे ते तिच्या शिवणीविषयी.

बेळगावच्या शहापूर भागात राहणारी माझी मैत्रीण आणि तिचे यजमान यांनी दत्तकासाठी नोंदणी केली, त्याला साडेतीन वर्षे होऊन गेली होती. मध्यंतरी गृहभेट अहवालाची तीन वर्षांची मुदत संपल्याने तो नव्याने करून घ्यावा लागला. अखेर एका दुपारी दत्तकाच्या सरकारी कारिंग्ज पोर्टलवर पंधरा महिन्यांच्या मुलीचा फोटो, तिचा बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल आला. होकार कळवायला अठ्ठेचाळीस तास असतात; यांनी चाळीस मिनिटांत कळवला. आम्ही चौघी मैत्रिणींनी वर्गणी काढली आणि भेट आणण्याचे काम, काटकसरी म्हणून, माझ्याकडे आले.

वही मी भेटीच्या आदल्या रात्री उघडली, ही माझी चूक. पहिल्या सोळा पानांत सोनोग्राफीचा फोटो लावायची चौकट, आईचे डोहाळे, प्रसूतीची वेळ, जन्मतःचे वजन आणि बाळ पोटात असताना आईला काय वाटले, असे सगळे होते. लग्नानंतर अकरा वर्षे डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवलेल्या बाईच्या हाती हे कसे ठेवायचे? मी सरळ तिसरे-चौथे पान फाडले. थोड्या वेळाने तेरावे-चौदावे पान आपोआप हातात आले, आणि त्यावर नेमकी ‘पहिले दात, पहिले पाऊल’ असे कामाचे रकाने होते.

कारण साधे आहे. सोळा पानांचा फर्मा म्हणजे चार ताव मधोमध दुमडून, एकात एक घालून, दुमडीवर शिवलेले. तिसरे-चौथे पान आणि तेरावे-चौदावे पान हे एकाच तावाचे दोन भाग असतात; एक फाडले की दुसऱ्याला धरून ठेवायला दोरा उरत नाही. मी विक्रेत्याला कळवले की ज्या घरात बाळ पोटी न येता घरी येते, तिथे या वहीचा पाव भाग निरुपयोगी आहे आणि तो काढू गेल्यास चांगला भागही सुटतो. उत्तर आले की छपाईत व बांधणीत दोष नाही, पान ग्राहकाने फाडलेले आहे, वस्तू परत घेता येणार नाही. अक्षरशः खरे आहे, आणि म्हणूनच अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी बेळगावातल्या एका जुन्या बाइंडरकडे गेले. शाळांची हजेरीपुस्तके आणि दुकानांच्या खातेवह्या बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. मी गरज सांगितली आणि त्यांनी शिवण टाळली: ड्रॉइंगचे जाड कागद, डाव्या कडेला दोन भोके, त्यातून ओवलेली जाड लेस आणि कापडी कण्याचे दोन पुठ्ठे. लेस सोडली की हवे ते पान काढता येते, हवे तिथे नवे घालता येते. दर दोन पानांमध्ये त्यांनी बोटभर रुंदीची कागदी पट्टी कण्याजवळ बसवली. ती कशाला, असे विचारल्यावर म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही फोटो चिकटवणार. पट्टी नसेल तर कणा बारीक राहतो आणि वही तोंडाकडून फुगते.’’ चाळीस पानांचे ४२० रुपये झाले. कव्हरवर सोनेरी अक्षरांत मुलीचे पूर्ण नाव घालायचा माझा विचार मात्र मैत्रिणीच्या यजमानांनी फोनवरच थांबवला. मुलगी घरी येते ती आधी दत्तकपूर्व संगोपनासाठी. दत्तक आदेश नंतर निघतो, सप्टेंबर २०२२ पासून तो न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावे त्यानंतर येतात. त्यांच्या हाती आदेश पडायला अडीच महिने लागले. तोवर कव्हर कोरे राहिले, ते बरेच झाले.

पानांचे मथळे मी स्वतःच्या हाताने लिहिले. जन्माच्या पानाऐवजी ‘तुझा फोटो प्रथम पाहिला तो दिवस’, नंतर ‘संस्थेत तुला भेटलो तो दिवस’, ‘घरी आलीस तो दिवस’ आणि ‘आदेश आला तो दिवस’. वंशवृक्षाचे पान मी वगळले. शेवटी एक कागदी पाकीट चिकटवले, त्यात संस्थेतले फोटो आणि लसीकरण कार्डाची प्रत राहते. मुलीच्या जन्मदात्रीविषयी जे काही माहीत असेल, त्यासाठी मी एकही रकाना ठेवला नाही. ती हकिगत मुलीची आहे, आणि घरी येणाऱ्या पाहुण्याने चाळायच्या वहीत ती असू नये. मैत्रिणीलाही हे पटले. तो कागद तिच्या कपाटात वेगळा आहे.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होते, आणि इथेच माझे मत बदलावे लागले.

वहीसोबत मी बाळंतविडाही नेला होता. अंगडी, टोपरी, दुपटी, तूप हे ठेवले. डिंकाचे व हळिवाचे लाडू मात्र मुद्दाम काढले. माझ्या आईने केलेला डबा मी घरीच ठेवून आले, कारण ते लाडू बाळंतिणीचे आणि इथे बाळंतपण नाही, तर उगीच जखमेवर बोट नको, असा माझा हिशोब. मैत्रिणीने पिशवी उपसली, तळ पाहिला आणि विचारले, ‘‘काकूंनी लाडू नाही दिले? तुझ्या बहिणीच्या वेळी तर दोन डबे होते.’’ मला उत्तर सुचले नाही. रात्री अकरा वाजता मुलगी झोपेतून दचकून उठते, पुढे तीनपर्यंत हिला झोप नाही, कंबर धरली आहे, आणि मी ठरवले होते की हिला लाडवांची गरज नाही! दुसऱ्या दिवशी डबा पोहोचवला. काय दुखेल हे मी तिला न विचारता ठरवले होते. सोनोग्राफीची चौकट तिला नको होती, हे तिने नंतर स्वतः सांगितले. लाडू मात्र हवे होते. पहिल्या बाबतीत माझा अंदाज बरोबर निघाला म्हणून दुसऱ्यातही निघेल, असे मी धरून चालले होते.

अंगडी-टोपरीही फसली, पण तो दोष मापाचा. मी ‘बारा ते अठरा महिने’ पाहून घेतली. संस्थेत वाढलेली बाळे वयाच्या मानाने बऱ्याचदा लहानखुरी असतात, आणि ही मुलगी सुरुवातीला नऊ महिन्यांच्या मापात बसत होती. वय न पाहता वजन विचारावे. वैद्यकीय अहवालात ते असते आणि आईबाबांना पाठ असते. शिवाय नवे कपडे पहिले काही दिवस घातलेच नाहीत. संस्थेतून आणलेला एक विटका झबला ती धरून झोपे, आणि तो धुवायचा नाही असे मैत्रिणीने सासूबाईंना बजावले होते, कारण त्या घरात ओळखीचा वास तेवढाच होता.

आता वहीचा खरा उपयोग. मी ज्यांचा विचारही केला नव्हता ती दोन पाने सर्वांत जास्त भरली. संस्था कर्नाटकातच, दुसऱ्या जिल्ह्यात. सांभाळणाऱ्या बायका कन्नड बोलणाऱ्या. मुलगी बोलत फार नव्हती, पण समजत सगळे होते. मैत्रिणीने निघताना त्या बायकांना विचारून घेतले आणि कोऱ्या पानावर लिहिले: दूध ‘हालु’, पाणी ‘नीरु’, जवळ बोलवायला ‘बा इल्लि’, झोपवताना पाठीवर दोन बोटांनी थोपटायचे, भात मऊ आणि कोमट. बेळगावात कन्नड कोणाला येत नाही असे नाही, पण घरात सगळे लाडाने मराठीतच बोलायला धावले असते. सासूबाई पहिले दोन आठवडे ते पान स्वयंपाकघरात उघडे ठेवून ‘बा इल्लि’ म्हणत होत्या. शिवलेल्या वहीत हे पान शेवटी कुठेतरी गेले असते. इथे लेस सोडून ते पहिले केले.

जूनमध्ये सामाजिक कार्यकर्तीची पहिली पाठपुरावा भेट झाली. या भेटी दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी असतात आणि मुलगी घरात कशी रुळली याचा अहवाल फोटोसह जातो. वजनाच्या तारखा, दात, दवाखान्याच्या फेऱ्या सगळे वहीत होते, त्यामुळे मैत्रिणीला आठवत बसावे लागले नाही. भेट देताना हा उपयोग माझ्या डोक्यातही नव्हता.

दोष लपवणार नाही. जुलैच्या पावसात वहीने मला तोंडावर पाडले. मी फोटोंवर पारदर्शक प्लास्टिकची पाकिटे लावली होती. बेळगावच्या दमट हवेत चकचकीत फोटो प्लास्टिकला चिकटले आणि घरी आल्या दिवसाचा फोटो काढताना एका कोपऱ्याचा रंग सुटून आला. मूळ फोटो मोबाइलवर असल्याने निभावले. आता चारही कोपऱ्यांना कागदी खोचण्या आणि मध्ये बटर पेपर, प्लास्टिक अजिबात नाही. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बुरशीही धरली होती. बाइंडरांनी खळ बदलून नवा कागद लावून दिला, पैसे घेतले नाहीत.

आमच्या कार्यालयातून गेलेल्या भेटकार्डावर कोणीतरी ‘अनाथ जिवाला घर देऊन पुण्य जोडलेत’ असे लिहिले होते. ते कार्ड वहीत लावलेले नाही. ‘लेक घरी आली, अभिनंदन’ एवढीच ओळ असलेले दुसरे कार्ड मात्र लावले आहे. मुलीचा फोटो इथे जोडत नाही, कोणी मागूही नये. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा बालकाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही, आणि आमच्या मैत्रिणींच्या गटावरही तो टाकायचा नाही असे पहिल्याच दिवशी ठरले आहे.

परवा मैत्रिणीकडे जेवायला होते. मुलीने भाताचे ताट सरकवले आणि ‘साकु’ म्हणाली, आजींनी ‘पुरे?’ विचारले, तर ‘पुरे’ म्हणाली. मैत्रिणीने खरकट्या हाताने वही मागवली, मग हात धुऊन तारीख घातली. कन्नड शब्दांच्या पानासमोर आता मराठी शब्दांचे पान आहे आणि वीस पाने वाढवून हवी आहेत. बाइंडरांनी १५० रुपये सांगितले.

१,२४९ रुपयांची वही माझ्याकडेच आहे. टाकवत नाही. सोनोग्राफीच्या चौकटीत सध्या गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा आहेत आणि डोहाळ्यांच्या पानावर दुधाचा हिशोब. विक्रेत्याला एक तारा.