अंकांची बेरीज: % आणि // वापरून की स्ट्रिंग करून?

एखाद्या संख्येतल्या अंकांची बेरीज काढायची तर रस्ते दोन. एक, दहाने भागत जायचं आणि बाकी गोळा करायची. दुसरा, संख्येचा मजकूर करायचा आणि एकेक अक्षर सुटं करून मिळवायचं. दोन्ही पायथनमध्ये असे दिसतात:

```python
def berij_baki(n):
    s = 0
    while n > 0:
        s = s + n % 10
        n = n // 10
    return s

def berij_majkur(n):
    return sum(int(ch) for ch in str(n))
```

दुसरा एका ओळीत संपतो, म्हणून पहिल्यांदा तोच आवडतो. पण परीक्षेला बसायचं असेल, सी किंवा जावामध्ये लिहायचं असेल, तर पहिला आधी हातात बसवा. आणि तो बसतो तो वहीवर ड्राय रन करूनच.

उदाहरणाला ४०७३ घेऊ. १२३ घेत नाही, कारण त्यात शून्य नाही, आणि गडबड बऱ्याचदा शून्यापाशीच होते. `% 10` म्हणजे दहाने भागल्यावर उरलेली बाकी, अर्थात एकं स्थानचा अंक. `// 10` म्हणजे भागाकाराचा पूर्णांक भाग, अर्थात तो शेवटचा अंक पुसून टाकलेली संख्या.

| फेरी | n | n % 10 | s | नवा n |
|---|---|---|---|---|
| १ | ४०७३ | ३ | ३ | ४०७ |
| २ | ४०७ | ७ | १० | ४० |
| ३ | ४० | ० | १० | ४ |
| ४ | ४ | ४ | १४ | ० |

n शून्य झाला की लूप थांबतो, उत्तर १४. तिसऱ्या फेरीकडे नीट बघा: s तसाच राहिला, तरी फेरी झाली. ताळा हवा असेल तर नऊने भागा. ४०७३ ला ९ ने भागून बाकी ५, आणि १४ ला भागूनही ५. या दोन बाक्या जुळल्या नाहीत तर कुठेतरी चूक नक्की आहे. जुळल्या म्हणजे सगळं बरोबरच, असं मात्र धरू नका.

मजकुराच्या पद्धतीचा ड्राय रन करण्यासारखं फार काही नाही: '4', '0', '7', '3' डावीकडून येतात, प्रत्येकाचा अंक होतो, बेरीज १४. फरक एवढाच की पहिली पद्धत उजवीकडून खाते आणि दुसरी डावीकडून. बेरजेला क्रमाने काही बिघडत नाही.

आता चुका. बाकी काढण्याच्या पद्धतीत त्या जास्त होतात हे खरं, पण चुकीचं उत्तरच बहुतेकदा सांगतं की गाडी कुठे घसरली. ४०७३ वर ११ आले तर लूपमधल्या दोन ओळींची अदलाबदल झाली आहे: आधी भागलं आणि मग बाकी घेतली, त्यामुळे शेवटचा ३ पहिल्याच फेरीत हरवला. उत्तर १० आलं तर दोन शक्यता. अट `n > 9` लिहिली असेल तर पुढचा ४ राहतो. अट `n % 10 != 0` अशी असेल तर ४० वर येताच लूप थांबतो आणि तरीही ४ राहतो. दोघांचं उत्तर सारखंच, म्हणून ४७०३ देऊन पाहा. पहिल्या चुकीत १० येतील, दुसरीत फक्त ३.

सगळ्यात गमतीदार चूक म्हणजे पायथनमध्ये `//` ऐवजी एकच `/` टाकणं. मग ४०७३ चे ४०७ न होता ४०७.३ होतात, त्यांची बाकी ७.३, पुढे ४०.७३ ची ०.७३, आणि असंच. संख्या शून्याजवळ जाते, पण पटकन शून्य होत नाही. तीनशेच्या वर फेऱ्या झाल्यावर ती इतकी बारीक होते की संगणक तिला शून्य धरतो, आणि उत्तर येतं साधारण १५.५५५६. अंकांच्या बेरजेत दशांश चिन्ह दिसलं की आणखी काही शोधू नका, भागाकाराची ओळ बघा. सी आणि जावामध्ये ही अडचण नाही, तिथे दोन `int` भागले की पूर्णांकच मिळतो.

ऋण संख्येवर दोन्ही पद्धती अडतात, पण अडण्याची तऱ्हा वेगळी. वरच्या `berij_baki` ला -४७ दिले तर अट पहिल्यालाच खोटी ठरते आणि गुपचूप ० परत येतो. ते टाळायला कुणी `n != 0` करतो आणि आगीतून फुफाट्यात पडतो. पायथनचा `//` नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातो, म्हणून `-47 % 10` होतो 3 आणि `-47 // 10` होतो -5. मग -५ ची बाकी ५, नवा n -१. आणि `-1 // 10` पुन्हा -1 च. लूप कधीच संपत नाही, दर फेरीला s मध्ये ९ पडत राहतात. सीमध्ये हेच गणित शून्याकडे वळतं: बाक्या -७ आणि -४, बेरीज -११, लूप संपतो. मजकुराची पद्धत इथे प्रामाणिक आहे. ती '-' या चिन्हावरच `ValueError` देऊन थांबते, चुकीचं उत्तर देत नाही. उपाय दोघांना एकच, सुरुवातीला `n = abs(n)`.

मजकूर खरोखर सरस ठरतो तो इनपुटच मजकूर असेल तेव्हा. पिनकोड, खाते क्रमांक, मोबाइल नंबर या दिसायला संख्या असल्या तरी त्यांच्यावर गणित करायचं नसतं. ९ ने सुरू होणारा दहा आकडी मोबाइल नंबर सीच्या नेहमीच्या ३२ बिटांच्या `int` मध्ये मावत नाही, कारण त्याची मर्यादा २१४७४८३६४७. तिथे `long long` घ्या किंवा सरळ अक्षरं वाचा. सीच्या कोडमध्ये `0473` असं लिहिलं तर आणखी वेगळाच घोळ: पुढच्या शून्यामुळे तो आठ पायाचा धरला जातो, म्हणजे ३१५, आणि बेरीज १४ ऐवजी ९ येते.

फार मोठ्या संख्यांचं काय? `2**1000` ला ३०२ अंक आहेत, दोन्ही पद्धती १३६६ देतात आणि वेळ जाणवतही नाही. अंक हजारोंनी वाढले की बाकी काढण्याची पद्धत रेंगाळते, कारण प्रत्येक भागाकाराला अख्खी संख्या चाळावी लागते. मजकूर तिथे जलद, पण पायथन ३.११ पासून ४३०० अंकांपुढच्या पूर्णांकाला `str()` लावलं की `ValueError` येतो. `sys.set_int_max_str_digits` ने ती मर्यादा वाढवता येते.

मराठी कीबोर्डवरून ४०७३ टाकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पायथनचा `int()` देवनागरी अंकही ओळखतो, त्यामुळे `int("४०७३")` चालतं आणि पुढे दोन्ही पद्धती १४ च देतात. पण अक्षराचा अंक करायला `ord(ch) - 48` वापरलं असेल तर मामला बिघडतो. देवनागरी शून्याचा संकेतांक २४०६ आहे, ४८ नाही, म्हणून प्रत्येक अंकामागे २३५८ जादा येतात. चार अंकांचे जादा ९४३२, त्यात १४ मिळवले की उत्तर ९४४६.